टीमचा बोनस रेटिंग आणि महिन्यांवर वाटताय? या चुका टाळा

गोव्यात हॉटेल लाईनमध्ये टीम बोनसचं वाटप हा दरवर्षीचा वादाचा विषय. हिशोबाचं वर्ष संपतं मार्चला, सीझन चालतो ऑक्टोबर ते मे, निम्मे लोक ऑक्टोबरात जॉइन झालेले असतात आणि सगळ्यांना पैसे हातात हवे असतात चवथीच्या आधी. मग एक्सेल उघडून घाईघाईत वाटप केलं जातं, बेरीज जुळली की शीट मेल केली जाते आणि ज्याला कमी मिळालं तो बिचारा नेमकं कुठे चुकलं ते सांगू शकत नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण यातल्या बहुतेक चुका साध्या असतात आणि दहा मिनिटांत पकडता येतात.

उदाहरण घेऊ. कळंगुटच्या बाजूला एखादं हॉटेल आहे, तिथली पाच जणांची टीम, वाटायचे आहेत ३,००,००० रुपये. वर्ष १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. रेटिंग ५ ला १.५, ४ ला १.२५, ३ ला १, २ ला ०.५ आणि १ ला शून्य असा गुणक ठरलेला आहे. सुपरवायझरचं रेटिंग ४, महिने १२. फ्रंट ऑफिसवाल्याचं ३, महिने १२. रिझर्वेशन बघणारी १ ऑक्टोबरला आली, रेटिंग ५, महिने ६. सेल्सवाल्याचं रेटिंग २, पण पूर्ण १२ महिने. आणि बँक्वेटचा मुलगा, रेटिंग ३, तोही ऑक्टोबरपासून, महिने ६.

बरोबर पद्धत अशी की गुणक आणि महिने यांचा गुणाकार करायचा, ते त्या माणसाचे पॉइंट. म्हणजे अनुक्रमे १५, १२, ९, ६ आणि ६. एकूण ४८. ३,००,००० ला ४८ ने भागलं की एका पॉइंटचे ६,२५० रुपये. सुपरवायझरला ९३,७५०, फ्रंट ऑफिसला ७५,०००, रिझर्वेशनला ५६,२५०, सेल्स आणि बँक्वेटला प्रत्येकी ३७,५००. बेरीज बरोबर ३,००,०००. हे आकडे लक्षात ठेवा, पुढच्या चुका याच्याशीच ताडून बघायच्या आहेत.

आधी रेटिंगने वाटलं, मग महिन्यांनी कापलं

ही सगळ्यात कॉमन चूक. पहिल्यांदा फक्त गुणकाच्या प्रमाणात अख्खी रक्कम वाटतात (गुणकांची बेरीज ५.२५), मग जो सहाच महिने होता त्याची रक्कम अर्धी करतात. रिझर्वेशनवालीचे ८५,७१४ चे होतात ४२,८५७, बँक्वेटच्या मुलाचे ५७,१४३ चे २८,५७१. आणि कापलेले ७१,४२९ रुपये कोणाच्याच नावावर नाहीत, तसेच पडून राहतात.

खरा घोळ इथून पुढे होतो. पैसे उरले म्हटल्यावर कोणीतरी म्हणतं की चला पाचही जणांना सारखे वाटून टाकू, प्रत्येकी १४,२८६. ऐकायला छान वाटतं, पण बघा काय होतं: रेटिंग २ असलेल्या सेल्सवाल्याला ३७,५०० च्या जागी ४२,८५७ मिळतात, आणि वर्षभर चांगलं काम केलेल्या सुपरवायझरला ९३,७५० च्या जागी ८५,७१४. म्हणजे रेटिंगने जो फरक ठरवला होता तो मागच्या दाराने पुसला गेला, आणि तसं कोणी ठरवलंही नव्हतं.

ओळखायचं कसं? वाटपाची बेरीज मूळ रकमेपेक्षा कमी येते आणि शीटमध्ये 'शिल्लक' नावाची ओळ दिसते. अशी ओळ दिसली की समजा महिने चुकीच्या टप्प्यावर लावलेत. पैसे आधीच कापून झाले असतील तर उरलेली रक्कम सारखी वाटू नका, कापल्यानंतर ज्याच्या नावावर जितकी रक्कम आहे त्याच प्रमाणात वाटा, आकडे बरोब्बर वरच्या उत्तरावर येतात. सुपरवायझरचे ७१,४२९ होते ते पुन्हा ९३,७५० होतील, करून बघा.

अर्धी रक्कम रेटिंगवर, अर्धी महिन्यांवर

हे तर मीटिंगमध्ये एकदम न्याय्य वाटतं. दीड लाख रेटिंगने वाटा, दीड लाख महिन्यांनी वाटा आणि दोन्ही मिळवा. बेरीज बरोबर तीन लाख येते त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. पण सेल्सवाल्याला रेटिंगचे १४,२८६ आणि महिन्यांचे ३७,५०० मिळून ५१,७८६ जातात, आणि सुपरवायझर येतो ७३,२१४ वर. एकाचा गुणक दुसऱ्याच्या अडीचपट आहे, दोघांनी महिने सारखेच भरलेत, आणि पैशात फरक दीडपटही नाही.

कारण असं की बेरजेच्या पद्धतीत रेटिंगला महिन्यांची बंधनं नसतात आणि महिन्यांना रेटिंगची. रेटिंग १ आलेला माणूस, ज्याचा गुणक तुम्ही शून्य ठरवलाय, तोही महिन्यांच्या अर्ध्यातून पैसे घेऊन जाईल. उलट मार्चमध्ये एकच महिना काम केलेल्याला ५ रेटिंग दिलं तर रेटिंगचा त्याचा वाटा पूर्ण वर्षवाल्याइतकाच. तपासायला सोपी टेस्ट आहे: शीटमध्ये एखाद्याचे महिने शून्य टाकून बघा आणि मग एखाद्याचा गुणक शून्य टाकून बघा, दोन्ही वेळा त्याची रक्कम शून्य व्हायला हवी. झाली नाही तर फॉर्म्युल्यात गुणाकाराच्या जागी बेरीज बसलीय.

महिने मोजण्यात गेलेला एक महिना

ही चूक मला सगळ्यात धोकादायक वाटते कारण बेरीज जुळते, शिल्लक राहत नाही, सगळं नीट दिसतं. एक्सेलचं DATEDIF फक्त पूर्ण झालेले महिने मोजतं, आणि शेवटची तारीख त्यात धरत नाही. म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च दिलं तर उत्तर १२ नाही, ११ येतं. १ ऑक्टोबर ते ३१ मार्चचे ६ च्या जागी ५.

आता वाटेल सगळ्यांचा एकेकच महिना कमी झाला ना, मग काय फरक पडतो. पडतो. बारातून एक जाणं आणि सहातून एक जाणं सारखं नाही. वरच्याच उदाहरणात रिझर्वेशनवाली ५६,२५० वरून ५२,६३२ वर येते, बँक्वेटचा मुलगा ३७,५०० वरून ३५,०८८ वर, आणि ते पैसे वर्षभरवाल्या तिघांकडे सरकतात. सीझनला आलेल्या माणसाच्या खिशातून गेलेले साडेतीन हजार रुपये, आणि बेरीज मात्र ३,००,००० च. म्हणून बेरीज जुळली म्हणजे वाटप बरोबर असं धरू नका, आधी वर्षभर असलेल्या माणसाच्या समोर १२ आकडा आहे का ते बघा.

दुरुस्ती म्हणजे शेवटच्या तारखेत एक दिवस मिळवायचा. शिवाय जो २०१९ पासून आहे त्याची जुनी जॉइनिंग तारीख तशीच टाकली तर सत्तर महिने येतील आणि अख्खा बोनस त्याच्याकडे झुकेल, म्हणून मोजणी वर्षाच्या सुरुवातीपासूनच धरायची. B मध्ये जॉइनिंग, C मध्ये शेवटची तारीख, D मध्ये रेटिंग, K-L मध्ये गुणकांचा तक्ता आणि N1 मध्ये एकूण रक्कम धरली तर:

```
E2: =DATEDIF(MAX(B2,DATE(2024,4,1)),C2+1,"m")
F2: =VLOOKUP(D2,$K$2:$L$6,2,FALSE)
G2: =E2*F2
H2: =$N$1*G2/SUM($G$2:$G$6)
```

SUM मधले डॉलर विसरू नका. नाहीतर फॉर्म्युला खाली ओढताना रेंजही खाली सरकते आणि शेवटच्या माणसासमोर अख्खे ३,००,००० दिसतात. एका नजरेत कळणारी चूक आहे ही, पण शीटमध्ये चाळीस नावं असली आणि कोणी खालपर्यंत स्क्रोलच केलं नाही तर राहून जाते.

महिन्याच्या मधे जॉइन झालेल्यांचं काय? १५ ऑक्टोबरला आलेल्याला वरचा फॉर्म्युला ५ महिने देईल, आणि दिवसांनी मोजलं तर १६८ दिवस, म्हणजे साधारण साडेपाच महिने. माझ्या मते टीममध्ये असे लोक जास्त असतील तर सरळ दिवसच मोजा, भांडण राहत नाही. फक्त मग सगळ्यांचेच दिवस मोजायचे, काहींचे महिने आणि काहींचे दिवस असं नको.

रेटिंगचा आकडा थेट गुणक म्हणून

गुणक ठरवायचा कंटाळा म्हणून ५, ४, ३, २ हेच आकडे महिन्यांना गुणतात. चालेल, पण मग २ रेटिंगवाला ३ वाल्याच्या दोन तृतीयांश घेतो, अर्धा नाही. आपल्या सेल्सवाल्याला ३७,५०० ऐवजी ४६,१५४. आणि काही कंपन्यांत १ म्हणजे सगळ्यात उत्तम, तिथे तर वाटप उलटंच होतं. गुणक आधी लिहून घ्या, नावं आणि रेटिंग समोर येण्याच्या आधी. नंतर बदलला तर तो कोणासाठी बदलला हे सगळ्यांना कळतं.

सीझनच्या महिन्यांना जास्त वजन द्यावं असा आग्रह गोव्यात होतोच, डिसेंबरचा एक महिना आणि जुलैचा एक महिना सारखा कसा म्हणून. मुद्दा खोटा नाही. पण ऑफ सीझनला थांबलेल्या माणसाने ट्रेनिंग, दुरुस्त्या, पुढच्या वर्षाची बुकिंग हे सगळं केलेलं असतं. आणि सीझनचा ताण बहुतेकदा रेटिंगमध्ये आधीच धरलेला असतो, परत वजन दिलं तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते. मी तरी महिने सारखेच ठेवेन.

रिकामं रेटिंग, रजा आणि कायद्याचा बोनस

नवीन माणसाचं रेटिंग झालेलं नसेल आणि ती जागा रिकामी राहिली तर VLOOKUP `#N/A` देतं आणि सगळ्यांच्याच रकमा `#N/A` होतात. घाईत त्याचा गुणक शून्य टाकू नका, त्याने काम केलंय. गुणक १ धरा.

बाळंतपणाच्या पगारी रजेचे महिने कापायचे की नाही हे कंपनीने लेखी ठरवावं. कायद्याच्या बोनसमध्ये ते दिवस कामाचेच धरले जातात, त्यामुळे टीम बोनसमध्येही कापू नयेत असं मला ठामपणे वाटतं, सव्वीस आठवडे कापले तर बाईचा अर्धा बोनसच गेला.

आणि तो कायद्याचा बोनस, ठरलेल्या पगारमर्यादेखालच्या लोकांना मिळणारा किमान ८.३३ टक्के, या रकमेत मिसळू नका. त्यात रेटिंगचा संबंध नाही, २ रेटिंग आलं म्हणून तो अर्धा करता येत नाही. त्याची शीट वेगळी ठेवा.

राहिलं राउंडिंग. प्रत्येकाची रक्कम पूर्ण रुपयात खाली आणा, जे थोडे रुपये उरतील ते ज्यांचे रुपयाखालचे पैसे सगळ्यात जास्त कापले गेले त्यांना एकेक करून द्या. शंभराच्या पटीत राउंड करायचा मोह होतो, पण चाळीस जणांत त्याने हजार-दोन हजार सहज इकडचे तिकडे होतात, आणि मग अकाउंट्सवाले कोणाच्या तरी रकमेत ते ढकलून मोकळे होतात.