फिटच्या गोळ्या चालू असताना मनाच्या गोळ्या देताय? या चुका टाळा

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एकाच पेशंटच्या दोन फायली असतात. फिटचा डॉक्टर मिरजेला नाहीतर कोल्हापूरला, मनाचा डॉक्टर बेळगावात नाहीतर धारवाडला, आणि मधे गावातले डॉक्टर ताप-खोकला बघणारे. दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या बघितल्या तर दोन्हीतलं औषध बरोबर असतं, डोसही बरोबर असतो, पण दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या लिव्हरमध्ये जातात आणि तिथं एकमेकींचं गणित बिघडवतात. तालुक्याला प्रॅक्टिस करणाऱ्या माझ्या ज्युनिअर मित्रांसाठी हे लिहितोय. घरच्यांनी वाचलं तर चांगलंच, फक्त वाचून स्वतःच्या मनानं एकही गोळी बंद करू नका, त्यानं काय होतं ते खाली आहेच.

डोस वाढवत जायचा आणि शेजारची गोळी बघायचीच नाही

एक केस नीट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. खानापूर तालुक्यातला तिशी ओलांडलेला माणूस, वीटभट्टीवर हिशोब बघायचा. लहानपणापासून फिट्स, टेम्पोरल लोबच्या, म्हणजे आधी पोटात काहीतरी वर चढल्यासारखं व्हायचं, मग नजर स्थिर, तोंड चघळल्यासारखं, आणि मग दोन मिनिटं भानावर नाही. कार्बामाझेपिन ४०० मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ, त्यावर बरीच वर्षं बरं चाललेलं. मग हळूहळू संशय सुरू झाला, भट्टीवरचे लोक आपल्याबद्दल बोलतात, रात्री आवाज येतात, झोप गेली. एका ठिकाणी रिस्पेरिडोन सुरू झालं, २ मिग्रॅ, फरक नाही म्हणून ४, तरी नाही म्हणून ६, सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल.

इथंच थांबून विचार करायला पाहिजे होता. ६ मिग्रॅ रिस्पेरिडोन घेणारा माणूस थोडा तरी जड व्हायला पाहिजे, हात थोडे तरी आखडायला पाहिजेत. याला काहीच नव्हतं, ना फायदा ना त्रास. एवढ्या डोसला दोन्ही नसेल तर एकतर गोळी पोटात जात नाहीये किंवा रक्तात टिकत नाहीये. भाऊ समोर बसून गोळी देत होता, म्हणजे दुसरं कारण.

कार्बामाझेपिन लिव्हरमधली औषधं मोडणारी एन्झाईम्स वाढवतं, मुख्यतः सीवायपी३ए४. त्यामुळं रिस्पेरिडोनची रक्तातली कामाची पातळी साधारण निम्म्यावर येते, म्हणजे चिठ्ठीवर ६ आणि अंगात जेमतेम ३. हॅलोपेरिडॉल, ओलांझापिन, अरिपिप्राझोल सगळ्यांचं कमी-जास्त हेच होतं. क्वेटियापिनचं तर इतकं मोडतं की नेहमीचा डोस दिला आणि नाही दिला, सारखंच. बुडाला भोक असलेल्या टाकीत पाणी सोडत राहण्यासारखं आहे ते. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन हेही याच जातीतले, आणि आपल्याकडं सरकारी दवाखान्यातनं वर्षानुवर्षं ह्याच गोळ्या चालू असलेले पेशंट भरपूर आहेत, त्यामुळं हा प्रश्न रोजचा आहे.

मग काय करायचं? फिट्स कार्बामाझेपिनवर खरंच आटोक्यात असतील तर ते हलवू नका, मनाची गोळी बदला. अमिसल्प्राइड मुख्यतः किडनीवाटे बाहेर जातं, लिव्हरच्या या भानगडीत फारसं सापडत नाही, म्हणून मला अशा वेळी ते सोयीचं वाटतं, किडनी ठीक आहे एवढं आणि ईसीजी बघून घ्यायचा. नाहीतर रिस्पेरिडोनच वाढवायचं, पण का वाढवतोय ते फाईलवर ठळक लिहून, कारण पुढचा घोटाळा त्या न लिहिलेल्या ओळीतनंच होतो.

फिटची गोळी काढली, मनाच्या गोळीचा डोस तसाच ठेवला

त्याच माणसाला मधे एक फिट आली. घरचे दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडं गेले, फक्त फिटची फाईल घेऊन. तिथं कार्बामाझेपिन एका दिवसात बंद झालं आणि लेव्हेटिरासिटाम ५०० मिग्रॅ दोनदा सुरू झालं. आठवडा संपायच्या आत दोन मोठे झटके आले, आणि घरी सगळ्यांनी खापर फोडलं रिस्पेरिडोनवर, ‘मनाच्या गोळीनं फिट वाढली’ म्हणून. पण रिस्पेरिडोनचा डोस कित्येक आठवडे बदललेलाच नव्हता! बदललं होतं ते कार्बामाझेपिन, तेही एका झटक्यात. नवीन झटका आला की आधी विचारा, गेल्या महिन्यात काय सुरू झालं, काय बंद झालं, कुठला डोस चुकला. तारखा कागदावर मांडल्या की निम्म्या वेळा उत्तर तिथंच असतं.

तिसऱ्या आठवड्यात भाऊ त्याला घेऊन आला. “डॉक्टर, तोंडातनं लाळ गळायलीय बघा, पाय उचलतच नाही, घासत घासत चालायलाय.” मनगट हलवून बघितलं तर चाकाचे दाते अडकल्यासारखं थांबत थांबत हलत होतं, चेहऱ्यावर भाव नाहीत. ६ मिग्रॅच चालू होतं, पण कार्बामाझेपिन गेल्यावर वाढलेली एन्झाईम्स दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर आली आणि आता पहिल्यांदाच त्याला खरंखुरं ६ मिग्रॅ मिळत होतं. हे लगेच होत नाही म्हणूनच ते चुकतं. गोळी बदलली त्या आठवड्यात सगळं छान दिसतं, आणि त्रास सुरू होईपर्यंत बदललेली गोळी कुणाच्या लक्षातही राहत नाही.

रिस्पेरिडोन ६ वरनं ४ आणि आठवड्यानं ३ वर आणलं, कडकपणा उतरला आणि आवाजही परत आले नाहीत. लेव्हेटिरासिटामबद्दल फिटच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, कारण ते एन्झाईमला हात लावत नाही हे खरं असलं तरी काही जणांत चिडचिड, उदासपणा, कधी सायकोसिससुद्धा आणतं, आणि ज्याला आधी मनाचा आजार झालाय त्याच्यात ही भीती जास्त. हाही घरी फार चिडायला लागला होता. म्हणून लॅमोट्रिजिन सुरू केलं, २५ मिग्रॅ रोज दोन आठवडे, मग ५० दोन आठवडे, असं सावकाश, पुरळ उठलं तर त्याच दिवशी दाखवायचं सांगून, आणि ते पुरेशा डोसला पोचल्यावरच लेव्हेटिरासिटाम उतरवलं. व्हॅल्प्रोएट चालू असतं तर लॅमोट्रिजिनचा डोस याच्याही निम्मा ठेवावा लागला असता, कारण व्हॅल्प्रोएट त्याचं मोडणं अडवतं, तिथं घाई केली की पुरळ अंगावर बेततं.

मुळातच बदल करायचा असता तर नवीन गोळी आधी चढवून, मग कार्बामाझेपिन दर एक-दोन आठवड्यांनी २०० मिग्रॅनं कमी करत न्यायचं होतं, आणि ते संपत आलं की तिथनं तीन-चार आठवडे रिस्पेरिडोनवर नजर ठेवून ते उतरवायचं होतं.

सायकोसिस दिसला की फिटशी त्याचा संबंध न विचारताच गोळी

घरच्यांना एकच विचारा, शेवटची फिट कधी आली होती आणि किती आल्या होत्या. पुष्कळदा उत्तर येतं, लागोपाठ तीन-चार आल्या, मग एक-दोन दिवस अगदी बरा होता, आणि मग एकदम देव दिसायला लागले, झोप नाही, मारायला धावतो. हा फिटनंतरचा सायकोसिस. मधले ते बरे दिवस फसवतात. तो बहुधा काही दिवसांत ते काही आठवड्यांत उतरतो, तेवढ्यापुरती गोळी पुरते, वर्षानुवर्षं चालू ठेवायची नसते. खरा इलाज फिट्स आटोक्यात आणण्याचा.

‘फिट आहे, मग डिप्रेशनची गोळी नकोच’

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. फिटच्या पेशंटमध्ये डिप्रेशन भरपूर असतं, आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि आपण झटक्याच्या भीतीनं त्याला काहीच देत नाही. अमेरिकेतल्या एफडीएकडच्या औषधांच्या ट्रायल्सचा डेटा २००७ मध्ये तपासला गेला तेव्हा नव्या अँटिडिप्रेसंट घेणाऱ्यांत प्लासिबोपेक्षा झटके कमीच दिसले. त्या ट्रायल्समध्ये फिटचे पेशंट नव्हते हे खरं, पण नेहमीच्या डोसात सर्ट्रालिन आणि एसिटालोप्राम फिटच्या पेशंटलाही देता येतात हा रोजचा अनुभव आहे. सर्ट्रालिन २५ नं सुरू करून आठवड्यानं ५०, किंवा एसिटालोप्राम ५ वरनं १०, असं सावकाश जावं.

झटक्याचा उंबरठा खरोखर खाली आणणारी औषधं मोजकी आहेत. ब्युप्रोपिऑन फिटच्या पेशंटला देऊच नये. क्लोमिप्रामिन टाळावं, आणि ॲमिट्रिप्टिलिन झोपेसाठी म्हणून वाढवत नेऊ नये. सायकोसिसच्या बाजूला क्लोरप्रोमाझिन आणि सगळ्यात वर क्लोझापिन, त्यात डोस वाढेल तसा धोका वाढतो आणि घाईनं वाढवला तर अजून. क्लोझापिन लागलंच तर सावकाश, फिटच्या गोळीच्या आधाराखाली, पण तो आधार कार्बामाझेपिनचा नको, दोन्ही पांढऱ्या पेशी पाडू शकतात. आणि हो, कंबरदुखीला लिहिलेलं ट्रामाडॉलही उंबरठा खाली आणतं, फायलीत ते दिसतच नाही, म्हणून घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायला सांगा. झोपेची अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम एकदम बंद केली तर त्यानंही झटका येतो, आणि दोष पुन्हा अँटिडिप्रेसंटला.

फेनिटॉइनवर फ्लूऑक्सेटिन

फ्लूऑक्सेटिन स्वस्त आहे, सगळीकडं मिळतं, म्हणून हात तिकडंच जातो. पण ते फेनिटॉइनचं मोडणं अडवतं. फेनिटॉइनचा स्वभाव असा की एका मर्यादेनंतर थोडं जरी साठलं तरी रक्तातली पातळी एकदम उडी मारते. ३०० मिग्रॅवर वर्षानुवर्षं ठीक असलेली बाई फ्लूऑक्सेटिन सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी भिंत धरून चालते, एकाचे दोन दिसतात, आणि ‘मनाचंच आहे’ म्हणून फ्लूऑक्सेटिनचाच डोस वाढवला जातो. बोट डोळ्यासमोर बाजूला नेऊन बघा, डोळे थरथरतात का. थरथरले तर फेनिटॉइनची पातळी करून घ्या आणि फ्लूऑक्सेटिन थांबवा, फक्त ते थांबवल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहतं हे लक्षात ठेवून. कार्बामाझेपिनवरही फ्लूऑक्सेटिनचा हाच परिणाम.

कार्बामाझेपिन किंवा ऑक्सकार्बाझेपिन चालू असताना एसिटालोप्राम, सर्ट्रालिन यातलं काहीही दिलं तर दोन आठवड्यांनी सोडियम करा, वयस्कर बायकांत तर चुकवूच नका. दोन्ही सोडियम खाली आणतात, आणि सोडियम फार खाली गेलं की गोंधळलेपणा येतो, झटकाही येतो. तो झटका फिटची गोळी वाढवून थांबत नाही, उलट कार्बामाझेपिन वाढवलं तर सोडियम अजून खाली जातं.