स्वतःच्या कॅप्शनला शोभणारे हॅशटॅग कसे निवडावेत

माझी एक मैत्रीण पंचेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकली. तलावाच्या खोल बाजूला ती पहिल्यांदा उतरली त्या दिवशी तिने काठावर टेकलेल्या स्वतःच्या ओल्या पायांचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, “आज पाय तळाला लागत नव्हते. तरी घाबरले नाही.” पोस्ट करण्याआधी तिने ते मला पाठवलं. कॅप्शनखाली ही रांग होती:

#swimming #fitness #fitnessjourney #motivation #nevergiveup #healthylifestyle #instagood

“अगं, वरचं मी लिहिलंय असं वाटतं,” ती म्हणाली, “पण खालचं वाचलं की पोहण्याच्या क्लासची पाटी वाटते.”

तिला खटकलं ते अगदी बरोबर होतं. हॅशटॅगची कल्पना ऑगस्ट २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर मांडली, ती एका विषयावर बोलणारी माणसं एकत्र यावीत म्हणून. म्हणजे हॅशटॅग ही मुळात एका घोळक्याची खूण आहे. जाहिरातीला शक्य तितक्या घोळक्यांत शिरायचं असतं, म्हणून ती मोठमोठे आणि सैल शब्द उचलते. आपला फोटो मात्र एका ठरावीक दिवसाचा असतो आणि त्याचे घोळके असून असून एक-दोनच असतात. मैत्रिणीच्या यादीतले बहुतेक शब्द जिम, शाम्पू, शूज अशा कशाखालीही खपले असते. तिचा तो दिवस त्यांत कुठेच नव्हता.

आम्ही ती यादी पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी कॅप्शन, मग हॅशटॅग

कॅप्शन पूर्ण लिहून होईपर्यंत # चं चिन्ह टाइपच करू नका. हॅशटॅग आधी सुचले की वाक्यं त्यांच्यामागे फरफटत जातात. कॅप्शन झालं की त्यात प्रत्यक्ष काय आहे ते शोधा: वस्तू, कृती, वय, वेळ. मैत्रिणीच्या दोन वाक्यांत खोल पाणी होतं, भीती होती आणि उशिरा शिकणं होतं. फिटनेस नव्हता. प्रेरणा तर नव्हतीच, कारण ती कुणाला उपदेश करत नव्हती. कॅप्शनमध्ये किंवा फोटोत ज्याचा मागमूस नाही, तो शब्द खाली येऊ द्यायचा नाही. एवढ्यानेच सातांपैकी सहा गळले.

मोठ्याने वाचा

उरलेले आणि नव्याने सुचलेले शब्द कॅप्शनला जोडून, # वगळून, मोठ्याने वाचा. ओळखीच्या माणसाशी बोलताना तुम्ही तसं म्हणाल का? “आज पाय तळाला लागत नव्हते. तरी घाबरले नाही. कधीही हार मानू नका.” शेवटचं वाक्य ऐकताच आवाज बदलल्याचं कळतं. आता हे वाचा: “आज पाय तळाला लागत नव्हते. तरी घाबरले नाही. पोहायला शिकताना.” हा आवाज तिचाच आहे.

आज्ञार्थी क्रियापदं, “सर्वोत्तम”सारखी विशेषणं आणि घोषवाक्यं या कसोटीवर बहुधा टिकत नाहीत. वस्तूंच्या ब्रँडचं नावही असंच खटकतं. गॉगल आवडला म्हणून त्याच्या कंपनीचा हॅशटॅग जोडला, तर वाचणाऱ्याला तो फुकट मिळाला असावा असंच वाटतं. गॉगलबद्दल काही सांगायचं असेल तर ते कॅप्शनमध्ये साध्या वाक्यात सांगा. आणि तो खरोखरच भेट म्हणून मिळाला असेल, तर तेही तिथेच उघडपणे लिहा.

हॅशटॅग उघडून बघा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात. हॅशटॅगचा अर्थ शब्दकोशात ठरत नाही. तो वापरणारे लोक ठरवतात. मैत्रिणीला मोठ्यांच्या पोहण्यासाठी #adultswim अगदी नेमका वाटला होता. पण ॲडल्ट स्विम हे अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कवर रात्री लागणाऱ्या, मोठ्यांसाठीच्या कार्यक्रमांचं नाव आहे. त्या हॅशटॅगखाली तिचे ओले पाय कार्टूनच्या चित्रांमध्ये जाऊन बसले असते.

म्हणून प्रत्येक हॅशटॅग शोधाच्या खिडकीत टाका आणि वरच्या दहा-बारा पोस्ट नीट बघा. त्या कुणी टाकल्या आहेत, माणसांनी की दुकानांनी? सगळीकडे किमती, सवलती आणि “मेसेज करा” दिसत असेल तर तो बाजार आहे, तिथे तुमची पोस्टही विक्रीचीच वाटेल. तिथली माणसं तुमच्यासारखंच काही सांगत असतील, तर तो हॅशटॅग तुमचा. पोस्ट थोड्या असल्या तरी बिघडत नाही. ज्या हॅशटॅगवर सतत नव्या पोस्ट पडत असतात, तिथे आपली सहज हरवून जाते.

अकाउंट प्रायव्हेट असेल तर ही शोधाशोध सोडून द्या. तुमची पोस्ट तुम्ही मान्य केलेल्या फॉलोअर्सनाच दिसते, हॅशटॅगमुळे अनोळखी कुणी तिथे पोहोचत नाही. तिथे हॅशटॅगचा उपयोग एवढाच, की तो कॅप्शनचाच शेवटचा शब्द व्हावा. आणि अकाउंट पब्लिक असेल तर मुलांची नावं किंवा शाळा हॅशटॅगमध्ये घालू नका, कारण हॅशटॅग शोधता येण्यासाठीच असतो.

किती आणि कुठे

इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये स्वतःच ३ ते ५ हॅशटॅग वापरायचा सल्ला दिला होता. घरगुती कॅप्शनसाठी मला तेही जास्त वाटतात. दोन पुरेत: एक अनोळखी सोबत्यांसाठी, एक आपल्याच पोस्टच्या मालिकेसाठी. कॅप्शन दोन ओळींचं आणि हॅशटॅग तीन ओळींचे झाले की डोळा आधी खालीच जातो. एकही न वापरणं हाही चांगला पर्याय आहे. दुःखाच्या, आजारपणाच्या किंवा निरोपाच्या पोस्टखाली मी कधीच हॅशटॅग घालत नाही.

जागा शेवटी, एक ओळ सोडून. वाक्याच्या मध्येच शब्दाला # लावला की वाचणारा अडखळतो.

देवनागरीत लिहिताना

कॅप्शन मराठी असेल तर निदान एक हॅशटॅग मराठीत ठेवा, आवाज तुटत नाही. मात्र मध्ये जागा सोडली की हॅशटॅग तिथेच संपतो. “#पोहायला शिकताना” असं लिहिलं तर फक्त “पोहायला” जोडला जातो. जोडरेषेनेही तो तुटतो, म्हणून अंडरस्कोर वापरा. शुद्धलेखन एकदा ठरवलं की बदलू नका, कारण “शिकताना” आणि “शिकतांना” हे दोन वेगळे हॅशटॅग होतात आणि तुमची मालिका दुभंगते. रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं ठेवा. पान तेच उघडतं, पण शब्द सुटे दिसतात आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनाही ते नीट ऐकू येतात.

मैत्रिणीने शेवटी हे टाकलं:

आज पाय तळाला लागत नव्हते. तरी घाबरले नाही.

#पोहायला_शिकताना #LearningToSwim

दुसऱ्या हॅशटॅगखाली तिला बरीचशी लहान मुलं दिसली, पण तिला ते चालणार होतं. पोस्ट झाल्यावर तिने पहिल्या हॅशटॅगवर बोट ठेवून तो शेवटच्या अक्षरापर्यंत जोडला गेलाय ना, ते पाहिलं. पुढच्या आठवड्यात उलटं पोहण्याचा फोटो टाकताना तोच हॅशटॅग तिने जसाच्या तसा कॉपी केला.