‘नेहमी’ खोडून ‘बऱ्याचदा’ लिहू नका: खरमरीत मेल सौम्य करताना या चुका टाळा

टीममधले लोक चिडून लिहिलेले मेल पाठवण्याआधी मला दाखवतात. ‘जरा सौम्य करून दे’, एवढंच म्हणणं असतं, आणि तेही पाच मिनिटांत. त्यात त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय.

शब्द बदलून मोकळं होणं

‘तू नेहमी उशीर करतोस’ याचं ‘तू बऱ्याचदा उशीर करतोस’ केलं आणि पुढे ‘गैरसमज नसावा’ जोडलं की काम झालं, असा समज आहे. वाचणाऱ्याला मात्र कशाला उशीर, कधी आणि किती, यातलं काहीच कळत नाही. उलट ‘नेहमी’ निदान एका उदाहरणाने खोडता येतं. ‘बऱ्याचदा’ तर खोडताही येत नाही.

एका टीमप्रमुखाने मला न दाखवताच मेल पाठवला होता: ‘तू काम कधीच वेळेवर देत नाहीस आणि अडचण नेहमी शेवटच्या क्षणी सांगतोस.’ तासाभरात उत्तर आलं: ‘११ तारखेचं काम वेळेवर दिलं होतं.’ ते खरंच होतं. मग दोन दिवस वाद फक्त ‘कधीच’ या शब्दावर चालला. मूळ तक्रार बाजूलाच राहिली.

प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा मी त्याला मसुदा बंद करून जुने निरोप उघडायला लावले. त्या महिन्यात तीन वेळा काम यायचं होतं: ४, ११ आणि १८ तारखेला, दुपारी १२ वाजता. ४ चं संध्याकाळी ६ ला आलं, १८ चं दुसऱ्या दिवशी सकाळी. पण उशिरापेक्षा जास्त झोंबणारी गोष्ट निघाली ती वेगळीच. उशीर होणार हे दोन्ही वेळा संध्याकाळी ५ नंतर कळलं होतं. नवा मेल असा झाला:

> ४ आणि १८ तारखेचं काम दुपारी १२ ला यायचं होतं. ४ चं संध्याकाळी ६ ला मिळालं, १८ चं दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन्ही वेळा उशीर होणार हे मला ५ नंतर कळलं, त्यामुळे टेस्टिंगचे दोघं दुपारभर थांबून राहिले. ११ चं काम वेळेवर आलं होतं. पुढे उशीर होईल असं दिसलं, तर सकाळी १० पर्यंत एक ओळ टाकशील का?

या वेळी उत्तरात वाद नव्हता. दुसऱ्या टीमकडून डेटाच दुपारी मिळाला होता, आणि तसं होणार हे त्याला सकाळीच माहीत होतं. म्हणजे दुरुस्त करायची गोष्ट कामाचा वेग नव्हती, निरोपाची वेळ होती. ‘कधीच’च्या खाली ती दिसलीच नसती.

म्हणून माझी सवय अशी: ‘नेहमी’ किंवा ‘कधीच’ दिसलं की तो शब्द बदलायचा नाही, त्याच्यापुढे मोकळ्या कंसात तारीख लिहायची जागा सोडायची. दोन तारखा भरता आल्या तर वाक्य नव्याने लिहायचं. एकही आठवली नाही, तर मेल त्या दिवशी थांबवायचा. ‘पण मला माहितीये तो तसाच आहे’ म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, मसुदा परत देते.

लपलेलं ‘नेहमी’

शब्द काढला तरी क्रियापद तेच काम करत राहतं. ‘तू मीटिंगमध्ये मध्येच बोलतोस’ यात ‘नेहमी’ कुठेच लिहिलेलं नाही, पण ऐकू येतंच. ‘सोमवारी ती आकडे सांगत असताना तू दोनदा मध्ये बोललास’ हे एका दिवसापुरतं राहतं. ‘दरवेळी’, ‘एकदाही’, ‘जेव्हा बघावं तेव्हा’ हीसुद्धा त्याच घरातली मंडळी.

उदाहरणात विशेषण घुसवणं

‘सोमवारी तू बेफिकीरपणे बसला होतास.’ तारीख आली, पण दिसलं काय? बेफिकिरी हा तुमचा अंदाज आहे. ‘चर्चा चालू असताना तू फोनवर टाइप करत होतास’ एवढं शेजारी बसलेल्या तिसऱ्या माणसालाही दिसलं असतं. माझी कसोटी तीच. शिवाय तो कदाचित मीटिंगच्या नोंदी घेत असेल, आणि असं लिहिलं तर त्याला ते सांगायची जागा राहते.

आरोपपत्र तयार करणं

उदाहरणं हवीत म्हटल्यावर काही उत्साही मंडळी वर्षभराच्या नऊ तारखा उतरवतात. सौम्यपणा तिथेच संपतो. अलीकडची दोन पुरतात, दोन्ही एकाच सवयीची हवीत, आणि अपवाद असेल तर तोही लिहावा.

नियमातलं ‘कधीच’ही खोडणं

‘बॅकअप न घेता चालू सर्व्हरवर बदल कधीच करू नका’ ही सूचना आहे, माणसावरची टीका नाही. ती तशीच राहू द्या.