‘दर वेळी विचार’ निवडलं, तरी कॉल चुकीच्या सिमवरून का जातो? या चुका टाळा

माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत, एक घरचं आणि एक कामाचं. कॉलसाठी मी `Ask every time` ठेवलं होतं, म्हणजे नंबर लावला की कोणतं सिम वापरायचं ते फोन विचारणार. तरीही एका ग्राहकाला मात्र दर वेळी घरच्याच नंबरवरून कॉल जायचा आणि फोन काही विचारायचाच नाही. तो ग्राहक मग रात्री घरच्या नंबरवर फोन करू लागला, तेव्हा मला हे कळलं.

चूक माझीच होती. सिम विचारणाऱ्या त्या छोट्या चौकटीत खाली ‘हीच निवड लक्षात ठेव’ असा पर्याय असतो. घाईत कधीतरी मी त्यावर टिक केली होती. ही टिक त्या एका व्यक्तीपुरती असते आणि मुख्य सेटिंगपेक्षा तिलाच आधी मान मिळतो. त्यामुळे सेटिंग कितीही वेळा बदललं तरी त्या नंबरला फरक पडत नाही. उपाय कॉन्टॅक्टमध्येच आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्या व्यक्तीचं पान उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत ठरलेलं सिम बदलता किंवा काढता येतं. आयफोनवरही प्रत्येक कॉन्टॅक्टसाठी वेगळी लाइन ठरवता येते, तेव्हा तिथेही आधी कॉन्टॅक्टच तपासा.

कॉल कुठून गेला याची खात्री करायची तर कॉल लॉग बघा. बहुतेक फोनवर नोंदीजवळ सिमचं नाव किंवा खूण दिसते. सिमना ‘घर’, ‘काम’ अशी नावं दिलीत तर नजर लगेच पकडते. ‘सिम १’, ‘सिम २’ यांत गोंधळ ठरलेलाच.

दुसरी चूक जास्त त्रासदायक. कॉलचं सिम बदललं की मेसेजचंही बदललं, असं अनेकांना वाटतं. ही दोन सेटिंग वेगळी आहेत. अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या सिमच्या पानावर कॉलसाठी एक आणि `SMS` किंवा `Texts` साठी दुसरी निवड असते. एखादं ॲप नंबर तपासायला तुमच्या फोनवरून स्वतःच मेसेज पाठवतं, तेव्हा तो बहुधा मेसेजसाठी ठरलेल्या सिमवरून जातो. ते सिम नोंदवलेल्या नंबरचं नसेल तर पडताळणी फसते आणि आपण ॲपला दोष देत बसतो. अशा वेळी मेसेजचं सिम बदला, पडताळणी उरका आणि मग हवं तर पूर्ववत करा.

मेसेज लिहिताना मजकुराच्या चौकटीजवळची सिमची खूणही बघून घ्या. जुन्या संभाषणात उत्तर देताना आधी वापरलेलं सिमच तिथे आलेलं असू शकतं. खुणेवर टॅप करून ते पाठवण्याआधी बदलता येतं, पाठवल्यावर नाही.

गाडीच्या ब्लूटूथवरून कॉल लावत असाल तर ‘दर वेळी विचार’ अडचणीचं ठरतं. प्रश्न फोनच्या पडद्यावर येतो आणि फोन खिशात असतो. माझ्या मते अशांनी कॉलसाठी एकच सिम पक्कं करावं आणि वेगळी माणसं कॉन्टॅक्टमधून दुसऱ्या सिमला जोडावीत.