स्टेप काउंटरचं अंतर दुरुस्त कसं करावं: शंभर मीटर, एक खडू आणि उजवा पाय

"भाऊ, माझा बँड रोज सहा किलोमीटर दाखवून राहिला, अन् यांचा पाच. आम्ही तर सोबतच चालतो!" नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या वॉकर्स स्ट्रीटवर ही तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की आता फिरायला निघताना खिशात खडू ठेवतो.

दोन्ही बँड आपापल्या परीनं बरोबरच असतात. हातातला बँड अंतर मोजत नाही. तो पावलं मोजतो आणि त्यांना एका पावलाच्या लांबीनं गुणतो. ही लांबी त्याला माहीत नसते, म्हणून तो तुमच्या उंचीवरून ती धरून चालतो. उंचीच्या साधारण ०.४१५ पट हा ठोकताळा बऱ्याच यंत्रांत असतो. माझी उंची १६५ सेंटिमीटर, म्हणजे बँडच्या लेखी माझं पाऊल ६८.५ सेंटिमीटरचं. प्रत्यक्षात ते ६३.३ निघालं. हा फरक शोधायचा आणि भरून काढायचा, एवढंच काम आहे.

आधी एक सल्ला मोडीत काढतो, कारण तो सगळीकडे ऐकू येतो: "दहा पावलं चाला, टेपनं मोजा, दहानं भागा." हे करू नका. उभं राहून निघालेलं पहिलं पाऊल आणि थांबतानाचं शेवटचं पाऊल आखूड पडतं. दहातली दोन पावलं खोटी असतील तर उत्तरही खोटंच येणार. मोबाइलच्या जीपीएसवर शंभर मीटर आखणंही नको. जीपीएस सहज चार-पाच मीटर इकडेतिकडे होतो, आणि शंभर मीटरमध्ये पाच मीटर म्हणजे पाच टक्के. जी चूक दुरुस्त करायला निघालो, तेवढीच नवी चूक पदरात.

शंभर मीटर आखणं

मानकापूरच्या क्रीडा संकुलासारखा आखलेला सिंथेटिक ट्रॅक मिळाला तर शंभर मीटरच्या सुरुवातीची रेघ आणि शेवटची रेघ तयारच असते. नसेल तर सपाट, सरळ रस्ता घ्या. सेमिनरी हिल्सचा चढ नको, चढावर पाऊल आखूड होतं. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानात ३० मीटरची फायबर टेप मिळते, किंवा ओळखीच्या गवंड्याकडून तासाभरासाठी मागून आणा. तीन वेळा पूर्ण आणि चौथ्यांदा १० मीटर. टेप जमिनीला टेकवून ताणायची. शून्य कुठे आहे ते आधी बघा: काही टेपांत ते कडीच्या टोकाला असतं, काहींत कडीच्या थोडं आत. उलट दिशेनं पुन्हा मोजून वीतभराचा फरक आला तरी चालेल.

मोजणी

सगळी गडबड इथे होते. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा चार फेऱ्यांत १४९, १५८, १५१ आणि १६० असे आकडे आले. रस्ता तोच, बूट तेच, माणूस तोच. अशा आकड्यांची सरासरी काढण्यात अर्थ नसतो, कारण आपण नेमकं काय मोजतोय हेच ठाऊक नसतं. कारणं सापडायला मला आठवडा लागला.

पहिलं कारण आपल्या आकड्यांत आहे. "सात, आठ, नऊ" पावलाच्या तालात बसतात. "एकशे सदतीस, एकशे अडतीस" बसत नाहीत. एका पावलात एवढी अक्षरं मनात म्हणायची तर पाय जिभेसाठी थांबतात, नाहीतर एखादा आकडा गाळला जातो. एकोणसत्तर की एकोणऐंशी, इथे तर हमखास अडखळायला होतं. म्हणून शंभरच्या वर मोजूच नका. दहाच्याही वर मोजू नका.

मी असं करतो. फक्त उजवा पाय मोजायचा. एक ते दहा म्हणायचं आणि दहा झाले की एक बोट मिटायचं, पुन्हा एकपासून सुरू. एक मिटलेलं बोट म्हणजे उजव्या पायाची दहा पावलं, म्हणजेच दोन्ही पायांची वीस. शेवटी सात बोटं मिटलेली आणि वर नऊ असतील तर उजवी पावलं ७९, एकूण १५८. बोटं ज्या हातात बँड नाही त्या हाताची आधी मिटा आणि हात नेहमीसारखा हलू द्या. मूठ छातीशी धरून चाललात तर चालच बदलते.

दुसरं कारण म्हणजे आरंभाची रेघ. रेघेवर उभं राहून निघू नका. दहा मीटर मागून चालत या. रेघेपलीकडे पहिल्यांदा उजवा पाय पडेल त्याला "शून्य" म्हणा, "एक" नाही. शून्याच्या जागी एक म्हटलं की उजव्या पायाच्या मोजणीत दोन्ही पायांची दोन पावलं वाढतात, आणि १५८ मध्ये दोन म्हणजे सव्वा टक्का. शेवटीही तोच नियम: रेघेपलीकडे उजवा पाय पहिल्यांदा पडेल तो शेवटचा आकडा. उरलेसुरले अर्धवट पाऊल चार फेऱ्यांच्या सरासरीत बरंचसं जिरतं.

तिसरं कारण समजायला सर्वांत कठीण होतं. शेवटची रेघ दिसली की आपण तिच्याकडे चालायला लागतो. पाय बरोब्बर रेघेवर पडावा म्हणून शेवटची सात-आठ पावलं ताणली जातात, नाहीतर आखडली जातात. शिवाय मोजणी सुरू आहे या जाणिवेनं पहिल्या फेरीत छाती पुढे काढून लांब टांगा टाकल्या जातात. माझे १४९ आणि १५१ तिथून आले होते. यावर उपाय असा: आधी दहा मिनिटं गप्पा मारत आपल्या नेहमीच्या वेगानं चाला. मग नजर रेघेच्या खूप पुढच्या एखाद्या झाडावर ठेवा आणि रेघ ओलांडून आणखी दहा मीटर चालतच राहा. रेघेचं भान सोबत्याला ठेवू द्या. तो रेघेच्या बाजूला उभा राहून तुमचा उजवा पाय पलीकडे पडताच "हं" म्हणेल. त्याला सोबत चालवू नका, दोन माणसांची पावलं नकळत जुळतात. पहिली फेरी कितीही चांगली वाटली तरी सोडून द्या.

हे सगळं पाळल्यावर माझे आकडे आले १५८, १५८, १५६, १६०. फेऱ्यांमधला फरक चारपेक्षा जास्त असेल तर गणिताकडे जाऊ नका, पुन्हा चाला. माझी सरासरी १५८. दहा हजार सेंटिमीटर भागिले १५८, म्हणजे ६३.३ सेंटिमीटर.

मे महिन्यात हे साडेपाचला उरकून घ्या. नागपूरच्या उन्हात आठनंतर कोणाचीच चाल नेहमीची राहत नाही. आणि रोज ज्या बुटांत फिरता तेच घाला, चपलेत मोजून बुटांत फिरू नका.

बँड पावलं तरी नीट मोजतो का?

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात. मीही गाळला होता. ६३ हा आकडा बँडमध्ये भरला, ट्रॅकवर गेलो, अडीच फेऱ्या म्हणजे १,००० मीटर चाललो आणि बँडनं ९६५ मीटर दाखवले. आधी जास्त दाखवत होता, आता कमी. पावलाची लांबी बरोबर होती, पण बँड काही पावलं खातच होता.

म्हणून ही वेगळी चाचणी करा. उभे राहा, बँडवरचा पावलांचा आकडा लिहून घ्या, उजव्या पायाची २५० पावलं म्हणजे एकूण ५०० पावलं चाला आणि थांबा. बोटं दहाच असल्यामुळे दोन्ही हातांची मिटून झाली की पुन्हा उघडत जा. थांबल्यावर लगेच आकडा वाचू नका. बरेच बँड सलग आठ-दहा पावलं पडल्याशिवाय मोजणी सुरूच करत नाहीत आणि मग ती एकदम जोडतात; मोबाइलवरचा आकडा तर आणखी रेंगाळत येतो. मिनिटभर स्तब्ध उभे राहा, मग वाचा.

४९५ ते ५०५ आलं तर उत्तम, ६३.३ हाच आकडा भरा. माझ्या बँडनं तीनदा ४८५ च्या आसपास दाखवलं. चूक दर वेळी सारखीच असेल तर ती पावलाच्या लांबीतच भरून काढता येते: ६३.३ गुणिले ५००, भागिले ४८५, बरोबर ६५.३. बँड पूर्ण आकडाच घेतो, म्हणून ६५ भरला. पुन्हा १,००० मीटर चाललो तेव्हा ९९६ आले. हजारात वीस मीटरच्या आत असेल तर तिथेच थांबा.

आकडा भरताना

सेटिंगमध्ये `Step length` असेल तर एका पावलाची लांबी भरा. `Stride length` असेल तर सावध राहा. काही यंत्रं त्याचा अर्थ एक पाऊल घेतात, काही उजव्यापासून पुन्हा उजव्यापर्यंत, म्हणजे दोन पावलं. आधीपासून भरलेला आकडा बघितला की कळतं: ६०-७० असेल तर एक पाऊल, १२०-१४० असेल तर दोन. चुकलात तर अंतर थेट दुप्पट किंवा निम्मं होतं, ते लगेच लक्षात येतं.

काही बँड फक्त उंची विचारतात. तिथे उंचीच बदलावी लागते:

```
नवी उंची = जुनी उंची × खरं अंतर ÷ दाखवलेलं अंतर
```

दुरुस्तीपूर्वी माझा बँड १,००० मीटरला १,०४९ दाखवायचा, म्हणजे १६५ च्या जागी १५७ भरायचे. मात्र त्याच उंचीवरून कॅलरीही काढल्या जात असतील तर तो आकडाही हलेल.

पडताळणी करताना बँड जीपीएस वापरत नाही ना, ते बघा. जीपीएस चालू असेल तर अंतर उपग्रहावरून येतं आणि तुम्ही भरलेली लांबी तिथे लागूच होत नाही.

दुरुस्त न होणारा बँड

माझ्या आईच्या बँडवर हे जमलं नाही. तिच्या ५०० पावलांना बँडनं एकदा ४३०, एकदा ४७०, एकदा ४४५ दाखवले. चूकच दर वेळी वेगळी असेल तर कोणताही आकडा भरून उपयोग नाही. तिच्या शेजारून चालत बघितलं तेव्हा कळलं की बँड डाव्या हातात आहे आणि त्याच हातानं ती पदर धरते. हात हललाच नाही तर बँडला पाऊल कळणार कसं? त्यात तिची चाल सावकाश, आणि सावकाश चालीचे हलके हिसके बँडकडून सहज निसटतात. छत्री धरणारे, कुत्र्याची साखळी धरणारे, हात खिशात घालणारे, सगळ्यांचं असंच होतं.

बँड उजव्या हातात घातला आणि पुन्हा मोजलं: ४९४, ४९६, ४९५. मग शंभर मीटर चालवलं. तिची पावलं २०० भरली, म्हणजे बरोबर ५० सेंटिमीटर. बँडमध्ये तोपर्यंत तिच्या उंचीवरून धरलेले ६२ होते.