एकच जीन, दोन पेशी, वेगळी बटणं: BCL11A चा एन्हान्सर घरबसल्या कसा शोधावा

तयार होत असलेली लाल पेशी आणि बी-लिम्फोसाइट ही पांढरी पेशी यांचा डीएनए जवळपास सारखाच असतो. BCL11A हा जीन दोघींनाही लागतो. बी-लिम्फोसाइट त्याच्याशिवाय तयारच होत नाही, आणि लाल पेशीत तो जन्मानंतर गर्भातलं हिमोग्लोबिन दाबून ठेवतो. मात्र तो सुरू करणारी बटणं, म्हणजे एन्हान्सर, दोन्हीकडे वेगळे आहेत. लाल पेशीचं बटण ब्राउझरमध्ये स्वतः शोधता येतं. अर्धा-पाऊण तास पुरे.

१. जागा उघडा. genome.ucsc.edu वर जाऊन मानवी जीनोमची hg38 आवृत्ती निवडा आणि शोधचौकटीत हे टाका:

```
chr2:60,488,000-60,502,000
```

हा BCL11A च्या दुसऱ्या इंट्रॉनचा, म्हणजे जीनमधल्या पण प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागाचा, तुकडा आहे. जीन उजवीकडून डावीकडे वाचला जातो, त्यामुळे त्याची सुरुवात चौकटीच्या बाहेर, बरीच उजवीकडे आहे. चौकटीतली कामाची जागा त्या सुरुवातीपासून सुमारे ५८ हजार अक्षरं आत आहे, म्हणून अभ्यासक तिला ‘+58’ म्हणतात. hg19 चुकून निवडली तर हेच आकडे सुमारे २ लाख २७ हजार अक्षरं दूरची भलतीच जागा दाखवतील. इथे बहुतेकांची पहिली फसगत होते, कारण पडद्यावर सगळं ठीकच दिसत असतं.

२. फॅक्टरची खूण शोधा. GATA1 हा लाल पेशींतला प्रमुख ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे डीएनएवर बसून जीन चालू-बंद करणारं प्रथिन. तो `TGATAA` सारख्या सहा अक्षरांवर बसतो. समोरच्या धाग्यावर वाचलं तर तेच `TTATCA` होतं. Short Match हा ट्रॅक चालू करून त्यात `TTATCA` टाका.

चौकटीत अशा बऱ्याच जुळण्या उमटतील. गणित सोपं आहे: सहा अक्षरांचे ४,०९६ प्रकार होतात, आपल्यासमोर १४ हजार अक्षरं आहेत, शिवाय धागे दोन. म्हणजे सहा-सात जुळण्या निव्वळ योगायोगानेच मिळणार. खूण सापडली म्हणजे फॅक्टर तिथे बसतोच असं नाही. बहुतेक जागी डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो आणि खूण झाकलेली राहते.

३. उघडी जागा कोणत्या पेशीत, ते पाहा. आता screen.encodeproject.org वर तोच पत्ता टाका. एखाद्या उमेदवार तुकड्यावर क्लिक केलं की वेगवेगळ्या पेशींतला DNase चा गुण दिसतो. हे एन्झाइम उघडा डीएनए कापतं, त्यामुळे गुण जितका जास्त तितकी जागा मोकळी. १.६४ च्या वरचा गुण जास्त मानतात.

पेशीची निवड इथे जपून करा. K562 ही लाल पेशींच्या वळणाची कर्करोगी पेशी यादीत लगेच सापडते, पण ती गर्भातलं आणि भ्रूणातलं हिमोग्लोबिन बनवते आणि तिच्यात BCL11A फारच कमी असतो. तिच्यावरून या बटणाचा निकाल लावू नका. मूळ पेशींपासून वाढवलेल्या एरिथ्रोब्लास्टचा, म्हणजे लाल पेशीच्या पूर्वपेशीचा, नमुना घ्या आणि शेजारी बी-पेशी ठेवा. लाल पेशींच्या पूर्वपेशींत +55, +58 आणि +62 या तिन्ही जागा उघड्या असतात. बी-पेशींत त्या मिटलेल्या असतात, शिवाय तिथे GATA1 नसतोच. बी-पेशी आपला BCL11A दुसऱ्या एन्हान्सरांवर चालवते.

४. खूण आणि उघडी जागा एकत्र जुळवा. UCSC वर परत येऊन Short Match मध्ये ही २० अक्षरं टाका:

```
CTAACAGTTGCTTTTATCAC
```

जुळणी +58 वर, 60,495,000 च्या थोडी पुढे पडेल. शेवटच्या अक्षराआधी पाहा: `TTATCA`. बऱ्याच जुळण्यांपैकी ही एक उघड्या जागेत आहे.

इथवर हाती आला तो संशय. उघडी जागा काम करतेच असं नाही, आणि एन्हान्सर नेहमी जवळच्याच जीनला चालवतो असंही नाही. पुरावा हवा तर तुकडा तोडून पाहावा लागतो. २०१३ मध्ये उंदराच्या पेशींत हा भाग काढला तेव्हा लाल वळणाच्या पेशींत BCL11A जवळपास बंद पडला, बी-वळणाच्या पेशींत मात्र फरक पडला नाही. २०१५ मध्ये माणसाच्या लाल पूर्वपेशींत हा एन्हान्सर जागोजागी कापून पाहिला, तेव्हा +58 मधल्या या GATA1 च्या खुणेपाशी कापल्यावर सर्वात मोठा परिणाम दिसला.

वरची २० अक्षरं हा क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या साधनाला दिलेला पत्ता आहे. विदर्भात, नंदुरबारकडे ज्या सिकलसेलने घरंच्या घरं ग्रासली आहेत, त्यावर अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली कॅसजेव्ही ही उपचारपद्धती रुग्णाच्या रक्ताच्या मूळ पेशींत नेमकं इथेच कापते. खूण मोडते, GATA1 ला बसायला जागा उरत नाही, लाल पेशीत BCL11A घटतो आणि गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. कापलेल्या त्याच मूळ पेशींपासून बी-पेशीही तयार होतात. कापलेली जागा त्यांच्यातही असते, फक्त त्यांना ते बटण कधी लागतच नाही.