घरून पैसे मागवताना: अडीच लाख डॉलरची मर्यादा आणि मार्चचा हिशेब

ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला शिकायला नवीन मुलं आली की भाडं, सिमकार्ड, भारतीय किराणा हे सगळं त्यांना कुणीतरी सांगतं. घरून येणाऱ्या पैशाबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि जानेवारीत दुसऱ्या सेमिस्टरची फी भरायच्या वेळी फोन येतो, "काका, बाबांची बँक पैसे पाठवत नाहीये." म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

भारतात राहणाऱ्या माणसाला एका आर्थिक वर्षात, म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च, जास्तीत जास्त 2,50,000 डॉलर परदेशी पाठवता येतात. रिझर्व्ह बँकेच्या या योजनेला सगळे एलआरएस म्हणतात. 2004 मध्ये ती 25,000 डॉलरवर सुरू झाली आणि 2015 पासून मर्यादा आहे तेवढीच आहे. ही मर्यादा पाठवणाऱ्याच्या पॅनवर मोजली जाते, सगळ्या बँका आणि सगळी कारणं एकत्र धरून. तुमची फी, ताईला दिलेली भेट आणि बाबांनी घेतलेले अमेरिकन शेअर, सगळं त्याच एका मर्यादेत मोजलं जातं. आईची मर्यादा वेगळी, बाबांची वेगळी. तुमची स्वतःची मात्र आता नाही. शिकायला बाहेर पडलात की परकीय चलनाच्या कायद्यात तुम्ही अनिवासी होता, आणि एलआरएस फक्त निवासी माणसासाठी आहे.

नुसत्या शिक्षणासाठी ही मर्यादा सहसा कुणाला आडवी येत नाही. आलीच तर विद्यापीठाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर बँक जास्त रक्कमही पाठवू शकते. खरी अडचण होते ती टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवताना बँक वरून जो कर गोळा करते त्याची. 2025-26 साठी नियम असा होता: वर्षातल्या पहिल्या 10 लाख रुपयांवर काही नाही, त्यापुढे शिक्षण आणि उपचारांसाठी 5 टक्के, भेट, गुंतवणूक, नातेवाइकांचा निर्वाह यांसाठी 20 टक्के. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर शून्य. हे आकडे अर्थसंकल्पात बदलतात, तेव्हा ज्या वर्षी पाठवाल त्या वर्षीचा दर शाखेत विचारून घ्या.

इथे सगळं परदेशी पैसे पाठवताना बँकेत भरायच्या ए-टू फॉर्मवरच्या पर्पज कोडवर, म्हणजे कारणाच्या क्रमांकावर ठरतं. शिक्षणाचा कोड S0305, कुटुंबाच्या निर्वाहाचा S1301, भेटीचा S1302. शिक्षण म्हणजे फक्त फी नव्हे. विद्यार्थ्याचं विमानाचं तिकीट आणि शिकताना लागणारा रोजचा खर्चही शिक्षणातच धरायचा, असं प्राप्तिकर खात्याने 2023 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. तरी शाखेत "मुलाला खर्चाला पाठवायचेत" म्हटलं की समोरचा माणूस S1301 लिहून मोकळा होतो. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हेच झालं. पुतणीच्या खोलीभाड्याचे आणि जेवणाखाण्याचे 8 लाख रुपये निर्वाह म्हणून गेले. फी आधीच 10 लाखांच्या पुढे गेली होती, त्यामुळे 40 हजारांऐवजी 1 लाख 60 हजार कापले गेले. त्याला ते कळलं दोन महिन्यांनी, प्राप्तिकर खात्याकडचा कापलेल्या कराचा तक्ता, 26AS, उघडल्यावर. म्हणून आईबाबांना सांगा, फॉर्मवर "शिक्षण" लिहा, सोबत विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेलं आय-ट्वेंटी जोडा, आणि सही करण्याआधी कोड स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

आता मर्यादा जिथे खरंच आडवी येते ते उदाहरण बघू. समजा, सांगलीचं एक घर आहे. मुलगा इथे मास्टर्सला, मोठी मुलगी न्यू जर्सीत नोकरीला, आणि ती मार्चमध्ये घर घेते आहे. मुलाच्या दोन सेमिस्टरची फी 48,000 डॉलर, ऑगस्ट ते मार्च राहण्याचा खर्च 12,000. मुलीला घरासाठी 2,00,000 डॉलर भेट द्यायची आहे. एकूण 2,60,000. बाबा सगळं स्वतःच्या खात्यातून पाठवत राहिले, तर मार्चमध्ये भेटीतले 10,000 डॉलर अडकणार, आणि घराचा व्यवहार त्याच आठवड्यात असणार. भेटीला शिक्षणासारखी सवलत नाही.

यावर उपाय एकच, आणि तो ऑगस्टमध्येच करायचा: शिक्षण आईच्या खात्यातून, भेट बाबांच्या खात्यातून. आईकडे पैसे नसतील तर बाबांनी भारतातच रुपयांत तिला द्यावेत, पती-पत्नींमधल्या अशा भेटीवर कर नाही. डॉलर 85 रुपयांचा आणि दर 2025-26 चे धरू. आईचे 51 लाख, त्यातले 10 सोडून 41 लाखांवर 5 टक्के, म्हणजे 2 लाख 5 हजार. बाबांचे 1 कोटी 70 लाख, त्यातले 10 सोडून 1 कोटी 60 लाखांवर 20 टक्के, म्हणजे 32 लाख. एकट्या बाबांना हे सगळं पाठवता आलं असतं, तर फीनेच 10 लाखांची सूट खाल्ली असती आणि संपूर्ण भेटीवर 34 लाख गेले असते. एकाच खात्यातून दोन्ही पाठवायचंच असेल, तर 20 टक्केवाली रक्कम आधी पाठवा आणि सूट तिच्यावर वापरा.

हे 32 लाख बुडत नाहीत, विवरणपत्र भरलं की वळते होतात किंवा परत मिळतात. पण पाठवताना ते भेटीच्या वर रोख हातात लागतात. मुलीला 1 कोटी 70 लाख मिळावेत म्हणून बाबांकडे 2 कोटी 2 लाख हवेत. हे बऱ्याच घरांना शाखेत बसल्यावरच कळतं.

मग लोक म्हणतात, अर्धे मार्चमध्ये आणि अर्धे एप्रिलमध्ये पाठवू. मर्यादा नवी मिळते, 10 लाखांची सूट दुसऱ्यांदा मिळते, टीसीएस 32 चा 30 लाख होतो. पण मार्च 2026 मध्ये कापलेले 15 लाख त्याच उन्हाळ्यात विवरणपत्रात मागता येतात, तर एप्रिलमध्ये कापलेले 15 लाख 2027 च्या उन्हाळ्यापर्यंत थांबतात. बाबा नोकरीत असतील तर कंपनीला सांगून पगारातल्या टीडीएसमध्ये ते वळते करता येतात. निवृत्त माणसाचा एवढा करच नसतो. माझं मत विचाराल तर सूट वाचवण्यासाठी एप्रिलची वाट बघू नये, मर्यादा संपली असेल तरच बघावी.

इकडे मुलीने एक गोष्ट लक्षात ठेवायची. अमेरिकेचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, म्हणून मार्च आणि एप्रिल इथे एकाच वर्षात पडतात. इथल्या करदृष्टीने निवासी माणसाला परदेशी नातेवाइकांकडून वर्षात 1,00,000 डॉलरपेक्षा जास्त भेट मिळाली, तर इथल्या करखात्याकडे फॉर्म 3520 भरावा लागतो. आईबाबांच्या भेटी एकत्र मोजल्या जातात. कर शून्य, पण फॉर्म राहिला तर दंड भेटीच्या 25 टक्क्यांपर्यंत जातो. एफ-वन व्हिसावर नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला हा फॉर्म सहसा लागत नाही.

गुंतवणुकीचं थोडक्यात. फी किंवा भेटीसाठी घरातल्यांनी आपापल्या मर्यादा जोडल्या तर चालतात. परदेशी शेअर, खातं किंवा घर घेताना मात्र ज्याचे पैसे त्याचं नाव मालकीत हवं. सांगलीच्या बाबांना स्वतःच्या नावावर इथला फ्लॅट घ्यायचा असेल, तर आईची मर्यादा तेव्हाच जोडता येईल जेव्हा आईचंही नाव कागदावर असेल. आणि वापरलेली मर्यादा त्या वर्षी परत मिळत नाही. बाबांनी जूनमध्ये शेअर घेऊन सप्टेंबरमध्ये विकले आणि पैसे भारतात आणले, तरी जानेवारीच्या फीच्या वेळी ती रक्कम वापरलेलीच धरली जाईल.